नियमातला ‘आणि’ कोणाला जोडतो?

‘गणित आणि विज्ञान शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना ग्रंथालयातून दोन जादा पुस्तके मिळतील.’ महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर सहज खपून जाईल असे हे वाक्य आहे. ते वाचून कोणी थबकणार नाही, कारण प्रत्येक वाचक त्याचा एक अर्थ तत्काळ लावून पुढे जातो. अडचण एवढीच, की सगळे वाचक एकच अर्थ लावत नाहीत. काहींना वाटते की ज्याने गणितही घेतले आहे आणि विज्ञानही घेतले आहे, त्यालाच ही पुस्तके मिळतील. इतरांना वाटते की गणिताच्या विद्यार्थ्यांना मिळतील आणि विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनाही मिळतील, मग एखाद्याने त्यांतला एकच विषय का घेतलेला असेना. दोन्ही वाचने व्याकरणाला धरून आहेत, आणि कोणत्याही बाजूला आळशी वाचनाचा दोष देता येत नाही.

मी अकरावी-बारावीला गणित शिकवते. संच आणि तर्कशास्त्र हे दोन्ही धडे अकरावी-बारावीच्या अभ्यासक्रमात आहेत, त्यामुळे हा प्रश्न दरवर्षी कोणत्या ना कोणत्या रूपात समोर येतो. ‘आणि’ म्हणजे छेद, ‘किंवा’ म्हणजे संयोग, हे मुले पहिल्या आठवड्यात पाठ करतात. ते चूक नाही, पण अपुरे आहे, आणि त्याचा अपुरेपणा अशा नियमाच्या वाक्यात उघडा पडतो.

आधी आकड्यांनी पाहू. अकरावी विज्ञान शाखेत विद्यार्थ्यांची खरी विभागणी गणित आणि जीवशास्त्र या विषयांवरून होते. काही जण पीसीएम घेतात, काही पीसीबी, आणि काही दोन्ही विषय ठेवून पीसीएमबी. समजा, एका महाविद्यालयात १२० विद्यार्थी आहेत. त्यांतल्या ७० जणांनी गणित घेतले आहे, ६५ जणांनी जीवशास्त्र, आणि २५ जणांनी दोन्ही. म्हणजे फक्त गणितवाले ४५, फक्त जीवशास्त्रवाले ४०, दोन्हीवाले २५, आणि उरलेले १० जण या दोन्हींऐवजी दुसरे काही घेतलेले. आता ‘गणित आणि जीवशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना जादा पुस्तके’ हा नियम पहिल्या वाचनाने लावला तर २५ विद्यार्थी पात्र ठरतात आणि दुसऱ्या वाचनाने लावला तर ११०. एकाच वाक्यातून इतके वेगवेगळे दोन आकडे निघतात, आणि त्यांतला कोणता बरोबर हे त्या वाक्यात कुठेही लिहिलेले नाही.

हे असे का होते, याचे उत्तर मला दहावीच्या वर्गसमीकरणात सर्वांत स्वच्छ दिसते. x² − 5x + 6 = 0 हे समीकरण अवयव पाडून सोडवले की (x − 2)(x − 3) = 0 मिळते. दोन संख्यांचा गुणाकार शून्य असेल तर त्यांपैकी किमान एक संख्या शून्य असलीच पाहिजे, म्हणून पुढची ओळ येते: x − 2 = 0 किंवा x − 3 = 0. आणि मग शेवटची ओळ: ‘२ व ३ ही दिलेल्या वर्गसमीकरणाची मुळे आहेत.’ मुले ही शेवटची ओळ शेकडो वेळा लिहितात, पण वरच्या ओळीतला ‘किंवा’ खालच्या ओळीत येताना ‘व’ कसा झाला, हे फार थोडी मुले विचारतात. ज्यांना तो बदल दिसतो, त्यांतली काही वरची ओळच बदलून ‘x = 2 आणि x = 3’ असे लिहितात. त्याचा अर्थ एकच x एकाच वेळी २ आणि ३ आहे, आणि अशी संख्या अस्तित्वात नाही.

दोन्ही ओळी बरोबर आहेत, कारण त्या वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलतात. वरची ओळ एका x बद्दल बोलते. तो x कोणता असू शकेल, याच्या दोन शक्यता आहेत आणि त्या ‘किंवा’ने जोडल्या आहेत. खालची ओळ सगळ्या मुळांच्या यादीबद्दल बोलते. त्या यादीत २ आहे आणि ३ आहे. एखादी व्यक्ती किंवा संख्या कशी असावी हे सांगताना जो ‘किंवा’ लागतो, तोच अशा सगळ्यांची यादी करताना ‘आणि’ होऊन बसतो. तर्कशास्त्रातला ‘आणि’ फक्त पूर्ण विधानांना जोडतो. बोलण्यातला ‘आणि’ मात्र नावांना, वस्तूंना, माणसांच्या गटांनाही जोडतो, आणि गट जोडले की ते एकमेकांत मिसळून मोठे होतात. असमानतेत हा घोळ आणखी महाग पडतो. x² − 5x + 6 > 0 चे उत्तर x < 2 किंवा x > 3 असे आहे, पण ‘दोनपेक्षा लहान आणि तीनपेक्षा मोठ्या संख्या’ हे वाक्य मराठी कानाला अगदी बरोबर वाटते. ते चिन्हांत उतरवून ‘x < 2 आणि x > 3’ लिहिणाऱ्याला मिळतो रिक्त संच.

म्हणून ‘गणित आणि विज्ञान शिकणारे विद्यार्थी’ या शब्दांत खरा प्रश्न ‘आणि’चा अर्थ काय हा नसून, तो ‘आणि’ एका विद्यार्थ्याच्या आत बसला आहे की दोन गटांच्या मध्ये उभा आहे, हा आहे. मराठीत याची एक साधी परीक्षा आहे, ती म्हणजे वाक्य एकवचनात लिहून पाहणे. ‘जो विद्यार्थी गणित आणि विज्ञान शिकतो, त्याला पुस्तके मिळतील’ असे लिहिले की दुसरे वाचन जवळजवळ मरून जाते, कारण एकटा विद्यार्थी दोन गटांत वाटला जाऊ शकत नाही. संदिग्धतेला जागा मिळते ती अनेकवचनात, आणि आपले नियम बहुतेक अनेकवचनातच लिहिले जातात. ‘शिकणारे’, ‘घेतलेले’ अशी धातुसाधिते ती जागा आणखी वाढवतात, कारण त्यांत कर्ता आणि क्रियापद यांची बांधणी सैल होते.

एका बाबतीत तर दोन्ही ‘आणि’ शेजारी शेजारी राहतात. महाराष्ट्राची सीईटी पीसीएम आणि पीसीबी या गटांसाठी घेतली जाते. पीसीएम या संक्षेपात भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हे तिन्ही विषय एकाच विद्यार्थ्याला द्यावे लागतात, म्हणजे हा ‘आणि’ विद्यार्थ्याच्या आतला. ‘पीसीएम आणि पीसीबी’ यांतला ‘आणि’ मात्र दोन गटांमधला आहे. परीक्षा देण्यासाठी कोणालाही दोन्ही गट घ्यावे लागत नाहीत, ज्यांना हवे असतील ते दोन्ही देऊ शकतात. हे कोणी समजावून सांगत नाही आणि कोणी चुकतही नाही, कारण परीक्षेची पद्धत सर्वांना आधीपासून ठाऊक असते. संदर्भ ठाऊक असेल तेव्हा ‘आणि’ आपोआप योग्य जागी बसतो. नवा नियम प्रथमच वाचणाऱ्याजवळ तो संदर्भ नसतो.

प्रवेशाचे नियम लिहिणाऱ्यांना ही अडचण माहीत असते, हे त्यांच्या भाषेवरून दिसते. अभियांत्रिकी पदवीच्या पात्रतेत कित्येक वर्षे अशी अट होती की भौतिकशास्त्र आणि गणित हे अनिवार्य विषय, सोबत रसायनशास्त्र, जैवतंत्रज्ञान, जीवशास्त्र किंवा तांत्रिक व्यावसायिक विषय यांपैकी एक, आणि या विषयांत मिळून किमान ४५ टक्के गुण, मागासवर्गीयांसाठी ४० टक्के. या वाक्यातले ‘अनिवार्य’ आणि ‘मिळून’ हे दोन शब्द मला नेहमी फार मोलाचे वाटत आले आहेत. ‘अनिवार्य’ हा शब्द पहिल्या ‘आणि’ला विद्यार्थ्याच्या आत खिळवून ठेवतो, त्यामुळे भौतिकशास्त्राचे विद्यार्थी आणि गणिताचे विद्यार्थी असे वाचता येत नाही. ‘मिळून’ हा शब्द वेगळी शंका मिटवतो. ‘भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित यांत ४५ टक्के’ एवढेच लिहिले असते तर ते प्रत्येक विषयात हवेत की एकत्र, हा प्रश्न राहिला असता. समजा एखाद्या मुलीला शंभरपैकी भौतिकशास्त्रात ३८, गणितात ४१ आणि रसायनशास्त्रात ६० गुण आहेत. तिन्ही विषयांत ती उत्तीर्ण आहे. बेरीज १३९, म्हणजे ४६ टक्क्यांहून थोडे अधिक. ‘मिळून’ असल्यामुळे ती पात्र आहे, आणि ‘प्रत्येकी’ असते तर दोन विषयांत कमी पडली असती. गुणपत्रिका घेऊन येणारे पालक हाच प्रश्न विचारतात, आणि मी त्यांना माझे मत न सांगता नियमातल्या त्या एका शब्दावर बोट ठेवायला सांगते.

२०२१ मध्ये अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२१-२२ साठीच्या मार्गदर्शक पुस्तिकेत ही अट बदलली. चौदा विषयांची यादी दिली आणि ‘यांपैकी कोणतेही तीन’ असे लिहिले. यादीत भौतिकशास्त्र, गणित, रसायनशास्त्र होतेच, शिवाय संगणकशास्त्र, कृषी, व्यवसाय अध्ययन, उद्योजकता असे विषयही होते. गणिताशिवाय अभियांत्रिकी कशी, यावर तेव्हा बराच वाद झाला. त्या वादात शिरण्याची ही जागा नाही, पण नियमाच्या रचनेत काय घडले ते पाहण्यासारखे आहे. जुन्या अटीत दोन विषय पक्के आणि चारांतून एक, म्हणजे तीन विषयांच्या फक्त चार जोडण्या बसत होत्या. चौदांतून कोणतेही तीन निवडण्याचे मार्ग ३६४ आहेत. अनिवार्य ‘आणि’च्या जागी ‘कोणतेही’ आला आणि कागदावरचे दार इतके रुंद झाले. परिणाम कोणाला आवडो वा न आवडो, नवे वाक्य संदिग्ध मात्र नव्हते. ‘कोणतेही तीन’चे दोन अर्थ होत नाहीत.

इथपर्यंतची वाक्ये होकारार्थी होती. नियमात ‘नाही’ आला की गुंता दुप्पट होतो. आपल्या १२० विद्यार्थ्यांकडे परत जाऊ. ‘ज्यांनी गणित आणि जीवशास्त्र घेतलेले नाही, त्यांनी कार्यालयात अर्ज द्यावा.’ ज्यांनी दोन्हींपैकी एकही घेतलेला नाही असे वाचले तर अर्ज देणारे १० जण होतात. ज्यांच्याकडे दोन्ही विषय एकत्र नाहीत असे वाचले तर ९५ होतात, कारण फक्त गणितवाले ४५ आणि फक्त जीवशास्त्रवाले ४० हेही त्यात येतात. डी मॉर्गनचा नियम शिकलेली मुले ताबडतोब दुसरे उत्तर देतात: ‘(अ आणि ब) नाही’ म्हणजे ‘अ नाही किंवा ब नाही’. सूत्र बरोबर आहे. पण ते सूत्र लावण्याआधीच त्यांनी ठरवून टाकलेले असते की ‘नाही’ हा कंसाच्या बाहेर आहे, आणि मराठी वाक्यात कंस नसतो. घरात कोणी ‘मला कांदा आणि लसूण चालत नाही’ म्हटले, तर नुसता कांदा घातलेली भाजी त्याला चालेल असे आपण कधीही समजत नाही. तिथे ‘नाही’ दोघांवर स्वतंत्रपणे पडतो. बोलण्यात तो बहुतेक वेळा असाच पडतो, हे वर्गात सांगितल्याशिवाय डी मॉर्गन शिकवू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

या एका ‘नाही’ आणि एका ‘आणि’वर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात एक पूर्ण खटला चालला. ‘पल्सिफर विरुद्ध युनायटेड स्टेट्स’ असे त्याचे नाव, निकालाची तारीख १५ मार्च २०२४. मार्क पल्सिफर याने किमान ५० ग्रॅम मेथॅम्फेटामिन वितरित केल्याचा गुन्हा कबूल केला होता, आणि त्याच्या पूर्वेतिहासामुळे कायद्याने त्याला किमान १५ वर्षांची शिक्षा ठरत होती. पण अमेरिकी कायद्यात एक सुटकेची वाट आहे, तिला ‘सेफ्टी व्हॉल्व्ह’ म्हणतात. काही अटी पूर्ण करणाऱ्या आरोपीला न्यायाधीश त्या किमान मर्यादेखालीही शिक्षा देऊ शकतात. २०१८ च्या ‘फर्स्ट स्टेप’ कायद्याने ही वाट रुंद केली, आणि पूर्वीच्या गुन्ह्यांबद्दलची पहिली अट नव्याने लिहिली. तिचा आशय असा: आरोपीकडे नाहीत: (अ) चारपेक्षा अधिक गुण, यात एक-गुणी गुन्ह्यांचे गुण न धरता, (ब) पूर्वीचा तीन-गुणी गुन्हा, आणि (क) पूर्वीचा दोन-गुणी हिंसक गुन्हा. इंग्रजी वाक्यात ‘नाहीत’ हा भाग सुरुवातीला एकदाच येतो आणि मग तीन बाबींची यादी येते, शेवटच्या दोहोंच्या मध्ये ‘आणि’. गुण म्हणजे जुन्या शिक्षांच्या लांबीवरून मोजलेले गुण: एक वर्ष एक महिन्याहून अधिक कैद झाली असेल तर तीन, निदान साठ दिवसांची असेल तर दोन, त्याखाली एक.

पल्सिफरवर पूर्वीचे दोन तीन-गुणी गुन्हे होते, म्हणजे सहा गुण. (अ) त्याला लागू होत होते, (ब) लागू होत होते, (क) मात्र नव्हते. त्याच्या वकिलांचे म्हणणे होते की ‘अ आणि ब आणि क’ हे सगळे एकत्र असेल तरच वाट बंद होते. ‘नाही’ हा पूर्ण कंसाच्या बाहेर आहे. एक जरी बाब नसेल तरी आरोपी पात्र आहे. सरकारचे म्हणणे होते की ‘नाही’ प्रत्येक बाबीवर वेगळा पडतो: अ नाही, आणि ब नाही, आणि क नाही, तिन्हींपैकी एक असली तरी वाट बंद. लक्षात घेण्यासारखे हे, की ‘आणि’चा अर्थ ‘किंवा’ करा अशी मागणी कोणाचीच नव्हती. तंटा एवढाच होता की तो ‘आणि’ तीन वस्तूंना जोडतो की तीन पूर्ण अटींना. या प्रश्नावर आधी अमेरिकेची वेगवेगळी अपील न्यायालयेही दोन्ही बाजूंना विभागली गेली होती.

सहा विरुद्ध तीन असा निकाल सरकारच्या बाजूने लागला. बहुमताचा निकाल न्या. एलेना केगन यांनी लिहिला, विरोधी मत न्या. नील गॉर्सच यांचे, त्यात न्या. सोटोमायोर आणि न्या. जॅक्सन सामील होते. केगन यांनी मान्य केले की नुसत्या व्याकरणाने दोन्ही वाचने उभी राहतात, आणि उत्तर मजकुराच्या आतल्या एका हिशेबातून काढले. ज्याच्यावर तीन-गुणी गुन्हा आहे आणि दोन-गुणी हिंसक गुन्हाही आहे, त्याचे गुण किमान तीन अधिक दोन, म्हणजे पाच होतात. पाच हे चारपेक्षा अधिक आहेत. म्हणजे (ब) आणि (क) दोन्ही असतील तिथे (अ) आपोआप असतेच. तिन्ही एकत्र असली पाहिजेत असे वाचले तर (अ) लिहिण्याचे कारणच उरत नाही. ती कधीही कोणाला वेगळी गाळत नाही. कायद्यातली एखादी अट पूर्ण निरुपयोगी ठरवणारे वाचन चुकीचे असण्याची शक्यता मोठी, म्हणून दुसरे वाचन घ्यायचे.

बारावीच्या वर्गात मी हा खटला मांडते, तेव्हा मुलांना हा भाग सर्वांत अधिक पकडतो, कारण यात त्यांचेच हत्यार वापरलेले आहे. (ब) आणि (क) यांचा छेद हा (अ) चा उपसंच आहे, एवढेच केगन यांनी दाखवले. उपसंच दाखवला की तीन संचांचा छेद दोन संचांच्या छेदाइतकाच उरतो. पण चांगले विद्यार्थी तिथे थांबत नाहीत. ते विचारतात, ‘तो खरोखर उपसंच आहे का? एखादा गुन्हा तीन-गुणी असूनही त्याचे गुण मोजले जात नसतील तर?’ गॉर्सच यांच्या विरोधी मतातला एक मुद्दा हाच आहे. शिक्षेच्या मार्गदर्शक नियमांत खूप जुन्या शिक्षांचे गुण मोजले जात नाहीत. असा जुना गुन्हा प्रकाराने तीन-गुणी असेल, पण बेरजेत शून्य धरला जाईल, आणि मग (ब) व (क) असूनही (अ) नसेल. तेव्हा (अ) ला काम उरते. बहुमताने याला उत्तर दिले की ज्याचे गुण शून्य धरले जातात त्याला तीन-गुणी गुन्हा म्हणताच येणार नाही. शेवटी सगळा वाद ‘तीन-गुणी’ या विशेषणाच्या व्याख्येवर येऊन टेकला.

निकाल बरोबर की चूक, यावर माझ्या वर्गात एकमत होत नाही, आणि माझेही मन गॉर्सच यांच्याकडे थोडे झुकते. शिक्षेच्या कायद्यात दोन वाचने खरोखर समान उभी राहत असतील, तर संशयाचा फायदा ज्याची वर्षे तुरुंगात जाणार आहेत त्याला मिळावा, असे मला वाटते. केगन यांचा हिशेब मला पटतो, पण तो वाक्य दोन्ही बाजूंनी वाचता येते हे मान्य केल्यानंतरचा हिशेब आहे. आणि ते वाक्य तसे लिहिले जाण्याची गरज नव्हती. यादीच्या आधी ‘खालीलपैकी एकही’ एवढे दोन शब्द असते तर सरकारचे वाचन निर्विवाद ठरले असते, आणि ‘खालील सर्व एकत्र’ असे असते तर पल्सिफरचे. वर्गात मी मुलांना शेवटी हेच करायला लावते: ग्रंथालयाचा तो पहिला नियम दोनदा लिहायचा, एकदा २५ जणांसाठी आणि एकदा ११० जणांसाठी, आणि दोन्ही वेळा वहीची अदलाबदल करून शेजाऱ्याकडून आकडा काढून घ्यायचा. ‘गणित व जीवशास्त्र हे दोन्ही विषय घेतलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याला’ आणि ‘गणित व जीवशास्त्र यांपैकी किमान एक विषय घेतलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याला’ या वाक्यांवर शेजाऱ्याचा आकडा चुकत नाही. ‘गणित तसेच जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांना’ असे लिहिणाऱ्यांच्या वह्या मात्र दोन वेगवेगळे आकडे घेऊन परत येतात, आणि मग ते वाक्य पुन्हा लिहावे लागते.